चॅट गेलं, आठवण राहिली

चॅटजीपीटीमधलं जुनं चॅट डिलीट करायला गेलं की पडद्यावर एक छोटी चौकट उघडते. हे चॅट जाणार आहे, नक्की काढायचं का, असं ती विचारते. खाली लाल बटण असतं. मध्ये बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य असतं, त्याचा अर्थ असा की या चॅटमधून जतन झालेल्या आठवणी काढायच्या असतील तर सेटिंग्जमध्ये जावं लागेल. ते वाक्य वाचून होईपर्यंत बहुतेकांचं बोट लाल बटणावर पडलेलं असतं. चॅट यादीतून नाहीसं होतं आणि माणूस समजतो, विषय संपला.

विषय संपलेला नसतो. चॅट आणि त्या चॅटमधून टिपलेली माहिती या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या गोष्टी आहेत, आणि एक काढल्याने दुसरी आपोआप जात नाही. दुकानदाराने दिलेली पावती आपण फाडून टाकली म्हणून त्याच्या खातेवहीतली आपली नोंद पुसली जात नाही, तसंच हे आहे. ही नोंद कुठे राहते, किती प्रकारची असते आणि ती खरोखर काढायची तर काय काय करावं लागतं, हे सावकाश बघण्यासारखं आहे. आपल्याकडे अनेक जण या चॅटबॉटना आजारपण, पगार, घरातली भांडणं असं सगळं सांगू लागले आहेत आणि मग कधीतरी रात्री उशिरा, नको ते सांगून बसलो असं वाटून ते चॅट उडवतात.

ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीला ‘मेमरी’ देण्याची चाचणी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली. तोवर प्रत्येक नवं चॅट कोऱ्या पाटीवर सुरू व्हायचं. काल आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं तरी आज पुन्हा सांगावं लागायचं. मेमरी आल्यावर ही कटकट संपली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तिचा दुसरा, जास्त खोल प्रकार आला, त्यात चॅटजीपीटी जुन्या सगळ्या गप्पांचा आधार घेऊ लागला. हे दोन्ही प्रकार आज एकाच नावाखाली, सेटिंग्जच्या एकाच पानावर राहतात, पण डिलीट करण्याच्या बाबतीत त्यांची वागणूक वेगळी आहे. सगळा गोंधळ तिथेच होतो.

पहिला प्रकार आधी. याचं पडद्यावरचं नाव Saved memories. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, की आपण टाइप केलेलं वाचून उत्तर देणाऱ्या मूळ मॉडेलला एका चॅटमधून दुसऱ्या चॅटमध्ये स्वतःचं असं काहीच आठवत नाही. मेमरी म्हणून जे दिसतं ती प्रत्यक्षात साध्या वाक्यांची एक यादी असते. गप्पांमध्ये उपयोगाचं वाटेल असं काही आलं की त्याचं एक छोटं वाक्य करून ते या यादीत टाकलं जातं. ‘शाकाहारी आहे’, ‘मुलगी सातवीत आहे’, ‘उत्तरं मराठीत हवी असतात’ अशा धर्तीची ही वाक्यं. नवं चॅट उघडलं की आपला पहिला प्रश्न मॉडेलकडे जाण्याआधी ही यादी त्याच्यापुढे ठेवली जाते. आपल्याला ती दिसत नाही, पण मॉडेल आधी ती वाचतं आणि मग आपला प्रश्न. म्हणून त्याला आपण ओळखीचे वाटतो.

ही यादी तयार होताना एक खूण दिसते. उत्तराच्या वर Memory updated असं लहानसं लिहून येतं. त्यावर टिचकी मारली तर कोणतं वाक्य जतन झालं ते कळतं. पण ही खूण येते तेव्हा आपलं लक्ष उत्तरात असतं. शिवाय आपण ‘हे लक्षात ठेव’ असं म्हटलेलंच असावं अशी अट नाही, काय टिपायचं हे तो प्रोग्राम स्वतःही ठरवतो. एकदा वाक्य यादीत गेलं की ते स्वतंत्र झालं. ज्या चॅटमधून ते आलं ते चॅट राहो की जाओ, वाक्य आपल्या जागी राहतं. ओपनएआयने आपल्या मदत-पानांवर हे स्पष्ट लिहिलं आहे: चॅट डिलीट केल्याने जतन झालेली मेमरी जात नाही, ती वेगळी काढावी लागते.

दुसऱ्या प्रकाराचं नाव Reference chat history. यात वाक्यांची अशी यादी दिसत नाही. जुन्या गप्पांमधून आपल्या सवयी, आवडी, चालू असलेली कामं यांचा अंदाज घेतला जातो आणि तो पुढच्या उत्तरांत वापरला जातो. काय घेतलं आणि काय सोडलं हे आपल्याला ओळीओळीने तपासता येत नाही, आणि सगळे तपशील लक्षात राहतीलच अशी हमी कंपनीही देत नाही. इथे मात्र मूळ चॅटला महत्त्व आहे. चॅट गेलं तर पुढे आधार घ्यायला तो मजकूर उरत नाही. म्हणजे मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रकारासाठी ‘नाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘बरंचसं हो’ असं येतं. ‘बरंचसं’ का, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

समजा, ठाण्यात राहणारी एक तरुणी आहे. डिसेंबरमध्ये ती चॅटजीपीटीला विचारते, तिसरा महिना चालू आहे, डॉक्टरांनी जूनच्या अखेरची तारीख दिली आहे, सासूबाई पपई अजिबात खाऊ नको म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? उत्तर मिळतं. वर Memory updated अशी खूण येते, तिच्या लक्षात येत नाही. यादीत एक वाक्य पडतं: गरोदर आहे, बाळाची अपेक्षित तारीख जूनच्या शेवटी. पुढचे काही आठवडे ती अधूनमधून विचारत राहते. मळमळ कमी करायला सकाळी काय खावं, लोकलच्या गर्दीतून कामावर जाणं कितपत ठीक, ‘अ’वरून मुलींची मराठी नावं, बँकेत बाळंतपणाच्या रजेसाठी अर्ज कसा लिहावा. यादीत आणखी दोन-तीन वाक्यं पडतात.

जानेवारीत गर्भ राहत नाही. घरी परतल्यावर काही दिवसांनी ती मोबाइल हातात घेते आणि पपईचं ते चॅट डिलीट करते. मळमळीचंही करते. तिला ते पुन्हा नजरेसमोर यायला नको आहे.

फेब्रुवारीत महाशिवरात्र येते. ती नवं चॅट उघडून एवढंच विचारते, की साबुदाण्याशिवाय उपवासाला काय करता येईल. उत्तरात वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ असतं आणि सुरुवातीलाच गरोदरपणात दिवसभर उपाशी राहू नये, आधी डॉक्टरांना विचारावं, असा काळजीचा सल्ला असतो.

यात तांत्रिक बिघाड कोणताही नाही. तिने चॅट काढलं, वाक्य काढलं नाही, आणि यादी नेहमीप्रमाणे प्रश्नाच्या आधी मॉडेलपुढे ठेवली गेली. प्रोग्राम ठरवल्याप्रमाणेच चालला. मला खटकतं ते हेच. जिथे चूक झाली असती तिथे दुरुस्ती झाली असती, इथे सगळं नियमाप्रमाणे होऊन एका बाईला नको त्या क्षणी नको ते वाचावं लागलं.

आता पुढचं बघा, कारण अडचण इथून वाढत जाते. उपवासाचं हे नवं चॅटही आता तिच्या यादीत एक जुनं चॅट म्हणून जमा झालं आहे, आणि त्यातल्या उत्तरात गरोदरपणाचा उल्लेख आहे. तिने तो केलेला नाही, प्रोग्रामने केला. म्हणजे मूळ चॅट गेलं तरी त्यातली माहिती आता दुसऱ्या चॅटमध्ये उमटली. मधल्या आठवड्यांत असे किती प्रतिध्वनी तयार झाले असतील? व्यायामाबद्दल विचारलं तेव्हा एक, प्रवासाबद्दल विचारलं तेव्हा एक, रजेच्या अर्जाच्या मसुद्यात तर सगळंच. दुसऱ्या प्रकारची मेमरी जुन्या गप्पांचा आधार घेते तेव्हा हे सगळे उल्लेख तिच्यासाठी उपलब्ध असतात. म्हणून ‘बरंचसं’ म्हटलं. मूळ चॅट काढल्याने त्या चॅटपुरता आधार जातो, पण तीच गोष्ट इतर चार चॅटमध्ये असेल तर ती तिथे आहेच.

तिला राग येतो आणि ती त्याच चॅटमध्ये लिहिते, मी आता गरोदर नाही, हे विसरून जा. या सांगण्याचा उपयोग होतो. यादीतलं मुख्य वाक्य त्यामुळे काढलं जाऊ शकतं, आणि तशी खूणही दिसते. पण कधीकधी काढण्याऐवजी वाक्य बदलून ठेवलं जातं, म्हणजे ‘आता गरोदर नाही’ अशी नवी नोंद होते. तिला तर त्या विषयाची नोंदच नको होती. आणि ‘विसरून जा’ हे तिचं वाक्य स्वतः एका चॅटमध्ये लिहिलेलं आहे. ते चॅट राहिलं तर पुसण्याची विनंतीच त्या गोष्टीचा ताजा पुरावा बनून राहते. म्हणून विसरायला सांगण्यापेक्षा यादी उघडून स्वतःच्या हाताने वाक्य काढणं कधीही चांगलं.

ती यादी अशी सापडते. चॅटजीपीटीत आपल्या नावावर टिचकी मारून Settings, त्यात Personalization, त्यात Memory, आणि तिथे Manage. पाटीवरचे शब्द कंपनी अधूनमधून बदलते, पण रस्ता साधारण हाच राहिला आहे. यादी उघडली की एकेका वाक्यासमोर ते काढण्याची सोय असते, सगळं एकदम काढायचंही बटण असतं.

इथे घाई करू नये. यादी पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत वाचावी. गप्पा मराठीत झाल्या असल्या तरी वाक्य इंग्रजीत जतन झालेलं असू शकतं, त्यामुळे नजर फक्त ‘गरोदर’ हा शब्द शोधत राहिली तर काहीच हाती लागणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या वाक्यात तो शब्दच नाही तीही वाक्यं तेच सांगत असतात. ‘मुलींसाठी अ-वरून सुरू होणारी नावं शोधत आहे.’ ‘फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेते.’ ‘जूनपासून सहा महिने रजेवर असेल.’ मुख्य वाक्य काढून ही तिन्ही ठेवली तर कोणाही वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजेल, आणि मॉडेलही हेच करतं, समोर असलेल्या वाक्यांवरून अर्थ जुळवतं. मेमरी काढताना लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे असं मला वाटतं. ते गोष्ट काढतात, तिच्या भोवतीच्या गोष्टी तशाच राहतात.

वाक्यं काढून झाली की चॅटकडे वळायचं. हा क्रम मुद्दाम आहे. यादीतलं वाक्य शिल्लक असताना चॅट साफ करत बसलं तर मधल्या काळात घरातल्या कोणी काही विचारलं तरी त्या उत्तरात पुन्हा तोच उल्लेख येऊन नवा प्रतिध्वनी तयार होईल. आधी उगम बंद करावा, मग वाहून गेलेलं गोळा करावं.

चॅट शोधायला बाजूच्या पट्टीत शोधाची सोय आहे. आपण मराठी माणसं एकच शब्द तीन तऱ्हांनी टाइप करतो, हे इथे आठवावं. ‘गरोदर’ देवनागरीत, garodar रोमन अक्षरांत, आणि pregnant किंवा pregnancy थेट इंग्रजीत. तिन्ही शोधावेत. शिवाय डॉक्टरांचं नाव, औषधाचं नाव, ‘सोनोग्राफी’, ‘रजा’, असे आजूबाजूचे शब्दही. जी चॅट सापडतील ती उघडून बघावीत. कधी अख्खं चॅट जायला हवं असतं, तर कधी त्यात रजेच्या अर्जासारखं उपयोगाचं काही असतं, ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं. चॅटमधला फक्त एक परिच्छेद काढून बाकीचं ठेवण्याची सोय नाही, जायचं तर सगळं जातं.

Archive नावाचं जे बटण आहे त्याने चॅट डोळ्यांआड होतं, पण खात्यात राहतं. ते डिलीट करणं नव्हे. मोठी यादी आवरायची म्हणून लोक सर्रास ते वापरतात आणि नंतर आपण ते काढलं होतं असं समजतात.

मग खरंच गेलं का हे कसं ओळखायचं? सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे नवं चॅट उघडून, तुला माझ्याबद्दल काय माहीत आहे, असं विचारणं. हा उपाय कच्चा आहे. उत्तर म्हणून जे येतं ते मॉडेलने रचलेलं वाक्य असतं, नोंदवहीची प्रत नसते. त्यात एखादी गोष्ट आली नाही म्हणून ती नाहीच असं सिद्ध होत नाही, कारण त्या क्षणी ती सांगण्यासारखी वाटली नसेल एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. उलट ती आली तर मात्र ती कुठून तरी आली, म्हणजे कुठेतरी शिल्लक आहे असं धरून चालावं आणि पुन्हा शोधावं. पहिल्या प्रकारासाठी भरवशाची तपासणी एकच, Manage मधली यादी. दुसऱ्या प्रकारासाठी तशी यादी नसल्याने विषयाच्या जवळपासचे दोन-चार साधे प्रश्न काही दिवसांनी विचारून उत्तराचा रोख बघावा. उपवासाचाच प्रश्न पुन्हा विचारावा. आणि ते तपासणीचं चॅटही नंतर काढून टाकावं.

एवढा खटाटोप नको असेल तर Reference chat history हे बटणच बंद करता येतं. ओपनएआयच्या म्हणण्यानुसार ते बंद केल्यावर जुन्या गप्पांवरून घेतलेली माहिती ३० दिवसांच्या आत त्यांच्या यंत्रणेतून काढली जाते. यात एक फरक नीट ओळखावा लागतो. Saved memories चं बटण बंद केलं तर यादीचा वापर थांबतो, यादी मात्र तशीच राहते. पुन्हा चालू केलं की सगळी वाक्यं हजर. बंद करणं आणि काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि शेजारीशेजारी असलेली ही दोन बटणं या बाबतीत वेगळी वागतात. सामान्य माणसाने हे पान पहिल्यांदा उघडून समजून घ्यावं अशी अपेक्षा करणं मला अवाजवी वाटतं.

आपल्याकडच्या घरांत याला आणखी एक पदर आहे. एका खात्यावर घरातले तिघे-चौघे असतात. पैसे भरून घेतलेलं खातं नवऱ्याच्या नावावर, बायको टॅबवर तेच वापरते, मुलगा अभ्यासाला तेच उघडतो. मेमरी खात्याची असते, माणसाची नसते. आईने डॉक्टरांच्या रिपोर्टबद्दल विचारलेलं मुलाच्या विज्ञानाच्या प्रश्नाच्या उत्तरात डोकावू शकतं. वरच्या उदाहरणातल्या तरुणीने पपईचं चॅट काढलं तेव्हा ते टॅबवरूनही गेलं, पण वाक्य खात्यात होतं. तिच्या आधी दुसऱ्याच कोणाला ते भेटलं असतं. ज्यांनी घरात अजून काही सांगितलेलं नाही, त्यांच्या बाबतीत हे किती अवघड ठरू शकतं ते वेगळं सांगायला नको.

आता पडद्यामागे. चॅट डिलीट केल्यावर ते आपल्या यादीतून लगेच जातं, कंपनीच्या यंत्रणेतून कायमचं जायला ३० दिवसांपर्यंत वेळ लागतो. सुरक्षेसाठी किंवा कायद्यासाठी ठेवणं भाग असेल तर त्याहून जास्त. काढलेल्या मेमरीच्या वाक्याचीही नोंद सुरक्षा आणि दुरुस्तीच्या कामासाठी ३० दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते, असं कंपनी सांगते. या काळात ते वाक्य आपल्या उत्तरांत येणं अपेक्षित नाही. ते फक्त आतल्या नोंदीत असतं.

‘कायद्यासाठी’ हा अपवाद कागदावरचा नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ओपनएआयवर आपल्या बातम्या परवानगीशिवाय वापरल्याचा खटला भरला आहे. त्या खटल्यात मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायदंडाधिकारी ओना वाँग यांनी आदेश दिला, की चॅटजीपीटीच्या उत्तरांच्या ज्या नोंदी एरवी पुसल्या गेल्या असत्या त्या जपून ठेवाव्यात. त्यामुळे ज्या लोकांनी त्या काळात चॅट डिलीट केली त्यांची चॅट त्यांच्या पडद्यावरून गेली, पण पुराव्यासाठी वेगळी बाजूला राहिली. खटल्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांचीही. नव्या नोंदी अशा जपण्याचं बंधन सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस उठलं. या नोंदींचा मेमरीशी संबंध नव्हता, त्या कोणाच्या उत्तरांत येत नव्हत्या. पण डिलीटचं बटण दाबल्यावर पुढे काय होतं हे आपल्याच हातात असतं, असं मानणाऱ्यांनी ही घटना माहीत करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट या सगळ्यांत मिसळली जाते, ती म्हणजे प्रशिक्षण. Data controls मध्ये Improve the model for everyone असं एक बटण असतं. ते चालू असेल तर आपल्या गप्पा पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाऊ शकतात. जे चॅट प्रशिक्षणात वापरलं गेलं ते नंतर डिलीट करून त्या मॉडेलमधून परत काढता येत नाही. मेमरीशी याचा घोळ करू नये. मेमरी आपल्या खात्यापुरती असते आणि वाक्यावाक्याने काढता येते. प्रशिक्षणात ‘ठाण्याची ही तरुणी गरोदर होती’ अशी नोंद कुठे ठेवली जात नाही, पण जे गेलं ते गेलं. हे बटण बंद करायचं तर मन मोकळं करण्याआधीच करायला हवं.

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. मुख्य तरतुदी नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हा कायदा ‘चॅट’ आणि ‘मेमरी’ असा भेद करत नाही, तो वैयक्तिक माहितीबद्दल बोलतो. यादीतलं एक ओळीचं वाक्य, आपण लिहिलेलं असो की प्रोग्रामने आपल्या बोलण्यावरून तयार केलेलं, ते आपल्याबद्दल आहे म्हणजे आपली माहिती आहे. त्यामुळे डिलीट या एका शब्दाचा आवाका किती, हा प्रश्न आज कंपनीच्या रचनेचा आहे, उद्या तो हक्काचाही असेल.

कंपन्यांनी ही रचना अशी का केली याला एक कारण आहे आणि ते खोटं नाही. चॅट डिलीट करणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकाला नुसता पसारा आवरायचा असतो. त्याने जुनी पन्नास चॅट उडवली म्हणून तो शाकाहारी असल्याचं, त्याला उत्तरं मराठीत हवी असल्याचं विसरलं गेलं तर तो वैतागेल. दुसऱ्याला सांगितलेलं परत घ्यायचं असतं. दोघेही तेच लाल बटण दाबतात. कोण कोणत्या कारणाने दाबतो आहे हे प्रोग्रामला कळत नाही. म्हणून काही बनवणारे वेगळी पद्धत वापरतात: सगळ्या गप्पांचा एक सारांश ठेवायचा, तो ठरावीक काळाने नव्याने लिहायचा, आणि वापरणाऱ्याला तो वाचायला आणि बदलायला द्यायचा. अशा रचनेत डिलीट केलेलं चॅट पुढच्या फेरीत सारांशातून गळू शकतं, कारण तो लिहिताना ते चॅट समोर नसतं. तिथेही मधल्या काळात जुना सारांश चालू असतो, आणि इतर चॅटमधले प्रतिध्वनी तसेच असतात.

माझ्या मते याहून सरळ उपाय आहे. जतन होणाऱ्या प्रत्येक वाक्यासोबत ते कोणत्या चॅटमधून आलं ती खूण ठेवावी, आणि चॅट डिलीट करताना त्याच चौकटीत ती वाक्यं दाखवावीत. ‘गरोदर आहे, अपेक्षित तारीख जूनच्या शेवटी.’ ‘शाकाहारी आहे.’ प्रत्येकासमोर एक चौकोन, हवं ते ठेवा, नको ते काढा. ज्या माणसाला पसारा आवरायचा आहे तो काहीच न निवडता पुढे जाईल. ठाण्याच्या त्या तरुणीला एक टिचकी मारावी लागली असती. सेटिंग्जमध्ये जा असं बारीक अक्षरांत सांगून हे काम तिच्यावर सोपवणं म्हणजे ज्या दिवशी तिच्यात त्राण नाही त्याच दिवशी तिला कार्यालयाच्या दुसऱ्या खिडकीवर पाठवणं आहे.

तोवर, ज्या गोष्टीची नोंद मुळात नको आहे तिच्यासाठी Temporary chat उघडता येतं. नव्या चॅटच्या पानावर वरच्या बाजूला त्याची खूण असते. त्यातल्या गप्पा जुन्या चॅटच्या यादीत येत नाहीत आणि त्यातून मेमरीत नवं वाक्य पडत नाही, म्हणजे नंतर शोधून काढण्यासारखं काही मागे राहत नाही. सुरक्षेच्या कारणासाठी कंपनी त्याची प्रत ३० दिवसांपर्यंत ठेवू शकते. आणि हा पर्याय चॅट सुरू करतानाच निवडावा लागतो. साध्या चॅटमध्ये अर्धं बोलून झाल्यावर आठवलं, तर तोवर जे टिपलं गेलं ते Manage मध्ये जाऊनच काढावं लागेल.